कोठीतील सोंडा आणि भिंतीवरील डास : कीटकांच्या शरीरातील पाण्याचा जमाखर्च



बालाघाट जिल्ह्यातील एखाद्या गावात, भाताचा हंगाम आटोपल्यानंतर, कोणत्याही घराच्या आतल्या खोलीत डोकावले तर दोन कीटक हमखास भेटतात. एक कोठीतल्या तांदळात असतो. तो सोंडा होय. तांदळाच्या दाण्याहून लहान, तपकिरी रंगाचा आणि पुढे बारीक सोंड असलेला. दुसरा त्याच खोलीच्या लिंपलेल्या भिंतीवर, अंधाऱ्या कोपऱ्यात, पोट तांबडे करून बसलेला असतो. तो हिवतापाचा डास होय. एकाच छपराखाली राहणाऱ्या या दोघांच्या अडचणी मात्र अगदी उलट आहेत. सोंड्याला जन्मभर पाण्याचा थेंब दिसत नाही. डासाच्या मादीला दोन-तीन मिनिटांत स्वतःच्या वजनाइतके पातळ रक्त मिळते आणि ते पाणी ठेवायचे कोठे, हा तिच्यापुढील प्रश्न असतो. दोघांनीही आपापला प्रश्न एकाच प्रकारच्या अवयवाने सोडविला आहे. त्या अवयवाला मालपीगी नलिका म्हणतात.

हे नाव ज्या इटालियन शास्त्रज्ञाचे आहे त्या मार्चेल्लो मालपीगी याने रेशमाचा किडा उघडून त्याची आतील रचना तपासली. त्याचे ते पुस्तक 1669 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केले. कोशाचे किडे जोपासणाऱ्या आणि वारासिवनीचे रेशमी विणकाम ठाऊक असलेल्या या भागातील लोकांना ही गोष्ट आपलीशी वाटावी. किड्याच्या आतड्याला लागून असलेल्या बारीक, नागमोडी नळ्या मालपीगीने पाहिल्या व त्यांचे वर्णन केले. त्या नळ्या म्हणजे कीटकाचे मूत्रपिंड आहे, हे मात्र पुष्कळ पुढे निश्चित झाले.

माणसाच्या मूत्रपिंडाचे काम गाळणीसारखे आहे. हृदयाच्या दाबाने रक्त बारीक जाळीतून गाळले जाते आणि गाळलेल्यातून उपयोगाचे तेवढे परत घेतले जाते. कीटकाच्या शरीरात अशा दाबाच्या रक्तवाहिन्याच नाहीत. त्याचे रक्त, ज्याला रक्तद्रव म्हणणे अधिक बरोबर, शरीराच्या पोकळीत मोकळे खेळत असते आणि आतडे, स्नायू व मालपीगी नलिका त्यातच बुडालेल्या असतात. प्रत्येक नलिका एका टोकाला बंद असते व दुसऱ्या टोकाला आतड्यात, मधल्या व मागच्या भागांच्या सांध्यापाशी, उघडते. डासाला अशा पाच नलिका असतात, भुंगेऱ्यांना बहुधा चार किंवा सहा, आणि टोळासारख्या कीटकाला शंभराहून अधिक.

दाब नाही, तर नळीत पाणी येते कसे? नळीच्या भिंतीतील पेशी शक्ती खर्च करून पोटॅशियमचे क्षार (डासाच्या बाबतीत सोडियमचेही) रक्तद्रवातून नळीच्या पोकळीत लोटतात. मागोमाग क्लोराइड येते. आत क्षार वाढला की बाहेरचे पाणी आपोआप आत ओढले जाते. मीठ लावून ठेवलेल्या कैरीच्या फोडींना जसे पाणी सुटते, तसाच हा प्रकार आहे. पाण्याबरोबर रक्तद्रवातील टाकाऊ द्रव्येही नळीत उतरतात. म्हणजे कीटक आपले मूत्र गाळत नाही, तो ते खेचून काढतो. पुढे हे पातळ मूत्र मागच्या आतड्यात जाते आणि तेथे त्यातील पाणी व क्षार परत घ्यायचे की बाहेर सोडायचे, याचा निर्णय होतो. सोंड्याची आणि डासाची वाट येथे वेगळी होते.

आधी कोठीतल्या किड्याकडे वळू. नीट वाळविलेल्या शंभर ग्रॅम तांदळात सुमारे बारा ग्रॅम पाणी असते. एवढ्याशा ओलीवर कोणताही प्राणी जगणे कठीण. परंतु त्या तांदळात पाऊणशेहून थोडा अधिक ग्रॅम पिष्ट असते आणि पिष्ट शरीरात जळले की त्यातून नवे पाणी निर्माण होते. एका ग्रॅमला सुमारे 0.56 ग्रॅम या प्रमाणात. हिशेब केला तर उघडे पाणी बारा ग्रॅम आणि दाण्यात लपलेले पाणी त्रेचाळीस-चव्वेचाळीस ग्रॅम. धान्यातील किडा मुख्यतः या लपलेल्या पाण्यावर संसार करतो. अर्थात सगळे पिष्ट जळत नाही. काही शरीर वाढविण्यात जाते, काही न पचता बाहेर पडते. म्हणून मिळकत तुटपुंजीच असते आणि खर्चाला आवर घालावा लागतो.

खर्चाच्या वाटा तीन. पहिली वाट त्वचेची. तिच्यावर मेणाचा अतिशय पातळ थर असतो, तो पाण्याला अडवितो. दुसरी श्वासरंध्रांची. ती गरजेपुरतीच उघडतात. तिसरी वाट मलमूत्राची, आणि तेथील बंदोबस्त पाहण्यासारखा आहे. प्रथिनांचे पचन झाले की नायट्रोजनयुक्त टाकाऊ द्रव्य उरते. माणूस ते युरियाच्या रूपाने टाकतो, पण युरिया टाकायचा तर तो विरघळविण्यासाठी पाणी खर्ची पडते. धान्यातील किडा ते यूरिक अम्लाच्या रूपाने टाकतो. यूरिक अम्ल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्याचे पांढुरके कण तयार होतात आणि पाण्याशिवाय बाहेर टाकता येतात. भिंतीवरील पालीच्या विष्ठेला जो पांढरा ठिपका असतो तोही यूरिक अम्लाचाच.

याच्याही पुढे जाऊन भुंगेऱ्यांच्या मोठ्या गटाने, ज्यात धान्यातील बहुतेक भुंगेरे येतात, आपल्या नलिकांची मांडणीच बदलली आहे. त्यांच्या नलिकांची बंद टोके शरीरात मोकळी तरंगत नाहीत. ती मागे वळून मलाशयाच्या भिंतीला चिकटतात, आणि मलाशय व नलिका यांच्याभोवती एक वेष्टण असते. या वेष्टणाच्या आत नलिकेमध्ये पोटॅशियम क्लोराइडचा अतिशय तीव्र द्राव साठविला जातो. तीव्र क्षार शेजारी आला की मलाशयातील ओल तिकडे ओढली जाते. मल जसजसा मागे सरकतो तसतसा तो कोरडा होत जातो आणि अखेर भुकटी होऊन बाहेर पडतो. केंब्रिजच्या रॅमसे या शास्त्रज्ञाने 1964 साली पिठातल्या मोठ्या भुंगेऱ्याच्या अळीवर या रचनेचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. ती अळी हवेतील आर्द्रता 88 टक्क्यांच्या वर गेली म्हणजे गुदद्वारावाटे हवेतील बाष्पसुद्धा शोषून घेऊ शकते. प्राणी पाठीमागून पाणी पितो, हे ऐकून हसू येईल, परंतु ती खरी गोष्ट आहे.

पिठातील तांबडा भुंगेरा प्रत्येक घरात परिचित आहे. 2023 साली कोपनहेगन व एडिनबरा येथील संशोधकांनी याच भुंगेऱ्याच्या मलाशयाभोवतीच्या नलिकांत काही खास पेशी तपासल्या. क्षार आत ओढून नेणारे एक विशिष्ट प्रथिन या पेशींत असते. ते प्रथिन बनू दिले नाही तेव्हा भुंगेऱ्यांना पाणी राखता येईना. या पेशी थोड्या असतात, परंतु किड्याचे सारे कोरडे जीवन त्यांच्यावर उभे आहे.

आता याचा गृहिणीशी व अन्न निरीक्षकाशी संबंध काय, हे पाहू. तांदळाला किंवा पिठाला कीड लागली म्हणजे घरोघरी ते चाळतात, पाखडतात, उन्हात घालतात. भुंगेरे निघून जातात आणि धान्य स्वच्छ झाले असे वाटते. परंतु कोरडी विष्ठा आणि तिच्यातील यूरिक अम्ल पिठात मिसळून राहते. ते पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून एखाद-दुसऱ्या पाण्याने धुतल्याने सगळे जात नाही. किड्यांच्या या सवयीचा प्रयोगशाळेला उपयोग होतो. धान्यातील यूरिक अम्ल मोजले की त्यात पूर्वी किती कीड होती याचा अंदाज येतो, मग ते कितीही चाळलेले असो. भारतातील अन्नविषयक नियमांनी धान्यासाठी त्याची मर्यादा एका किलोला 100 मिलिग्रॅम अशी ठरविली आहे. चाळून देखणा केलेला जुना माल नवा म्हणून पुढे आला, तर त्याची खरी हकिकत हे अम्ल सांगते. अशा मालाला कडवट, उग्र वासही येतो. तो मात्र तांबड्या भुंगेऱ्याच्या अंगातून पाझरणाऱ्या वेगळ्या द्रव्यांचा असतो.

किड्याचा जमाखर्च असा काटेकोर असल्यामुळे, जमेची बाजू थोडी कमी केली किंवा खर्चाची थोडी वाढविली तरी त्याचा संसार मोडतो. जमा कमी करणे म्हणजे धान्य वाळविणे. तांदळातील सोंड्याला दाण्यात साधारण दहा टक्क्यांहून कमी ओल असेल तर वंश वाढविणे फार कठीण जाते. चौदा टक्क्यांच्या पुढे ओल गेली की त्याची चंगळ होते. म्हणून धान साठविताना ओल चौदाच्या आत, आणि बियाणे ठेवायचे असेल तर बारा-तेराच्या आत आणावी. मात्र यात एक खोच आहे, ती शेतकऱ्याला ठाऊक आहेच. धान कडक उन्हात घाईने वाळविले तर दाण्याला आतून तडे जातात आणि गिरणीत कणी अधिक पडते. ज्या चिन्नोर तांदळाला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्यासारख्या सुगंधी वाणाची कणी होणे म्हणजे सरळ नुकसान. पातळ थर, अधूनमधून हलविणे आणि भर दुपारी सावली देणे, एवढे केले तर दोन्ही साधते.

ओल मोजण्याचे यंत्र गावात नसेल तर एक सोपी परीक्षा आहे. काचेची कोरडी बाटली घ्यावी, तिच्यात एक तृतीयांश धान्य व मूठभर अगदी कोरडे मीठ घालून बूच लावावे आणि काही मिनिटे चांगली हलवून दहा-पंधरा मिनिटे ठेवावी. मीठ बाटलीच्या काचेला चिकटले किंवा त्याच्या गुठळ्या झाल्या, तर धान्यात पंधरा टक्क्यांहून अधिक ओल आहे. मीठ कोरडे राहून खाली सांडले तर ओल त्याहून कमी आहे. शाळेतील शिक्षकांनी मुलांकडून ही परीक्षा करवून घेण्यास हरकत नाही. या परीक्षेची मर्यादाही लक्षात ठेवावी. तेरा आणि दहा टक्के यांतील फरक ती दाखवीत नाही.

खर्च वाढविणे म्हणजे त्वचेवरील मेण काढणे. बियाण्यात चाळलेली राख मिसळण्याची जुनी चाल आहे. तिच्यामागचे एक कारण बहुतेकांना अज्ञात असते. राखेचे बारीक कण किड्याच्या अंगावर घासतात, मेणाचा थर खरवडला जातो आणि शरीरातील पाणी त्वचेतून उडून जाते. मागच्या दाराला कितीही कडक पहारा असला तरी भिंतच फुटली, तर तो काय कामाचा? विगल्सवर्थ या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1944-45 च्या सुमारास निरुपद्रवी भुकटीने कीटक असे वाळून मरतात, हे प्रयोगांनी दाखविले. परंतु पावसाळ्यात, हवाच दमट असताना, पाणी उडून जाणे मंदावते आणि राख ओल धरते. मग तिचा उपयोग फारसा राहत नाही. राख लावायची तर ती कोरड्या बियाण्याला आणि कोरड्या दिवसांत.

एक कीटक मात्र या सर्वांना दाद देत नाही. खापरा भुंगेऱ्याची केसाळ अळी दोन टक्के ओलीच्या धान्यातही जगू शकते आणि परिस्थिती वाईट झाली तर कोठीच्या भेगेत न खाता दीर्घकाळ पडून राहते. तिच्यासाठी वाळविण्यावर विसंबून चालत नाही. कोठीच्या भेगा बुजविणे, जुनी पोती उकळत्या पाण्यातून काढणे हेच करावे लागते.

कोठीत कीड वाढू लागली आहे हे ओळखण्याची खूणही पाण्याशीच निगडित आहे. किडे श्वास घेतात तेव्हा उष्णता व बाष्प दोन्ही बाहेर पडतात. किड्यांची दाटी झाली की कोठीच्या मध्यभागी धान्य गरम होते. तेथील बाष्प वरच्या थंड थरात जाऊन जमते व वरचे धान्य दमट होऊन त्याला बुरशी येते. हात कोपरापर्यंत धान्यात घालावा. आत ऊब लागली आणि वरच्या दाण्यांची ढेकळे झाली असतील, तर कीड पुष्कळ वाढली असे समजावे. आधी कोरडे साठविलेले धान्य किड्यांनीच असे ओले केलेले असते.

आता भिंतीकडे पाहू. बैहर, बिरसा, परसवाडा, लांजी या बालाघाटच्या वनभागांत हिवताप पिढ्यान्पिढ्या परिचित आहे. तो पसरविणाऱ्या अॅनोफेलिस डासाची मादी सुमारे दोन मिलिग्रॅम वजनाची असते. तिने अडीच मिलिग्रॅम रक्त प्याले असे धरू. या रक्तात सुमारे पंचेचाळीस भाग तांबड्या पेशी व पंचावन्न भाग पातळ, खारट रक्तद्रव असतो. मादीला अंडी वाढविण्यासाठी पेशींतील व रक्तद्रवातील प्रथिने हवी आहेत; पाणी आणि मीठ नको आहे. त्या ओझ्याने तिला नीट उडता येत नाही आणि उडता न येणारा डास चापटीत किंवा पालीच्या तोंडात सापडतो. शिवाय तिचा स्वतःचा रक्तद्रव पातळ व खारट होण्याचा धोका आहेच.

म्हणून सोंडा जे काम करण्याचे टाळतो तेच काम ही मादी शक्य तितक्या वेगाने करते. पोट ताणले गेले व रक्तातील मीठ आत येऊ लागले की तिच्या शरीरात मूत्र वाढविणारी संप्रेरके सुटतात. पाचही नलिका जोराने चालू होतात आणि सोडियम, क्लोराइड व त्यांच्यामागून पाणी बाहेर फेकले जाते. डेंग्यूच्या डासावर झालेल्या मोजमापांत, रक्ताबरोबर आलेल्या द्रवाच्या चाळीस टक्क्यांहून अधिक पाणी दोन तासांत बाहेर पडलेले आढळले. वर धरलेल्या आकड्यांना तेच प्रमाण लावले तर सुमारे अर्धा मिलिग्रॅमहून थोडे अधिक पाणी होते. म्हणजे पन्नास किलो वजनाच्या माणसाने दोन तासांत तेरा-चौदा लिटर लघवी करावी तसे. अॅनोफेलिसच्या अनेक जाती तर इतका धीरही धरीत नाहीत. चावत असतानाच त्यांच्या मागच्या टोकाला तांबूस थेंब लोंबताना दिसतो. त्या थेंबात मूत्राबरोबर काही ताजे रक्तही वाया जाते, पण तेवढ्या जागेत आणखी पेशी भरून घेता येतात.

रक्त पिणाऱ्या कीटकांच्या उत्सर्जनाचे पहिले मोठे संशोधन याच विगल्सवर्थने 1931 साली दक्षिण अमेरिकेतील एका रक्तपिपासू ढेकणावर केले होते. त्या ढेकणाच्या नलिका जेवणानंतर नेहमीच्या हजारपट वेगाने मूत्र बनवितात. जेवणापूर्वी मात्र त्या जवळजवळ निजलेल्या असतात. डास व ढेकूण दोघेही, गरज संपली की, पुन्हा पाणी राखू लागतात. प्रथिने पचू लागली म्हणजे नायट्रोजनाचा प्रश्न उभा राहतोच आणि त्यासाठी डासाच्या शरीरातही यूरिक अम्ल बनते.

हिवताप नियंत्रणाच्या कामात सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे या मादीचे बसणे. रक्त पिऊन जड झालेली मादी लांब जात नाही. या भागातील मुख्य जात, जी गोठ्यातील जनावरांचे रक्त अधिक पिते, ती घरातील किंवा गोठ्यातील जवळच्या भिंतीवर टेकते, पाण्याचे ओझे टाकते आणि दोन-तीन दिवस रक्त पचवीत राहते. फवारणीचे पथक घराच्या आतल्या भिंतींवर औषध मारते ते याचसाठी. उडणाऱ्या डासावर ते औषध नसते. मूत्र टाकून विसावलेल्या मादीच्या पायांना ते लागावे, हा हेतू असतो. म्हणूनच देवघर, स्वयंपाकघर किंवा गोठा फवारणीतून वगळला की डासाला नेमकी हवी तीच जागा मोकळी मिळते. रात्री घराबाहेर, शेतातील मांडवात किंवा जंगलात झोपणाऱ्या माणसाला मात्र भिंतीवरील औषधाचे संरक्षण नाही. त्याला मच्छरदाणीच हवी.

आणि येथेच दरवर्षी एक घोटाळा होतो. पथक येऊन जाते आणि आठ-दहा दिवसांत सण येतो. घरची बाई निष्ठेने शेणामातीने भिंती लिंपते, वर चुना किंवा छुई मारते. औषध मातीच्या थराखाली जाते आणि मादी नव्या, निर्धोक भिंतीवर बसते. यात त्या बाईचा दोष नाही. फवारणी कशासाठी व किती दिवसांसाठी आहे, हे तिला कोणी सांगितलेले नसते. ग्रामपंचायतीने फवारणीची तारीख आधी कळवावी, लिंपणे त्यापूर्वी आटोपून भिंत वाळू द्यावी आणि फवारणीनंतर निदान अडीच महिने त्या भिंतीला हात लावू नये. ओटा व बाहेरची भिंत सणाला खुशाल रंगवावी. आतल्या भिंतीवर औषधाचे पांढुरके डाग दिसत असले तरी ते पुसू नयेत.